मुलग्यांची लस आणि चामखिळीची लाज

चोवीस वर्षांचा एक तरुण. एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी, दोन महिन्यांवर लग्न आलेले. लिंगाच्या त्वचेवर मुगाएवढे दोन दाणे दिसले तेव्हा त्याने औषधाच्या दुकानातून खाज-गजकर्णाची ट्यूब आणली. तीत स्टेरॉइड होते. महिनाभर लावल्यावर दोनाचे सात झाले आणि फुलकोबीच्या तुऱ्यासारखे वाढू लागले. मग कुणीतरी पायाच्या भोवरीला लावतात ती पट्टी सुचवली. तिच्यातल्या आम्लाने आसपासची नाजूक कातडी सोलली, जखम झाली आणि चालणेही अवघड झाले. तेव्हा कुठे तो सरकारी रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात आला, तोही एकटा, घरी काही न सांगता.

असे रुग्ण या विभागांना नवीन नाहीत. आजार साधाच असतो, पण ट्यूब, पट्टी आणि लाज त्याला किचकट करतात.

या चामखिळी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे होतात. या विषाणूचे शंभरावर प्रकार आहेत. जननेंद्रियावरच्या दहापैकी सुमारे नऊ चामखिळींमागे त्यातले दोनच असतात, सहा आणि अकरा क्रमांकाचे. हे दोन सहसा कर्करोग करत नाहीत. गर्भाशयमुखाच्या, गुदद्वाराच्या आणि घशाच्या कर्करोगाशी ज्यांचे नाते आहे ते सोळा आणि अठरा हे प्रकार वेगळे. मात्र वाट एकच असल्याने एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

त्या तरुणाचा पहिला प्रश्न होता, ‘हे कधी लागले आणि कुणाकडून?’ याचे नेमके उत्तर कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. संसर्गानंतर चामखीळ बहुधा दोन-तीन महिन्यांत दिसते, पण कधी त्याहून बराच उशीर लागतो आणि कित्येकांना ती कधी दिसतच नाही. म्हणून चामखीळ दिसली की लगेच जोडीदारावर संशय घेणे शास्त्राला धरून नाही. निरोधने धोका कमी होतो; पण विषाणू त्वचेच्या स्पर्शाने पसरतो आणि निरोध सगळी त्वचा झाकत नाही, त्यामुळे धोका पूर्ण टळत नाही.

प्रत्येक दाणा चामखीळ नसतो, हेही सांगायला हवे. लिंगाच्या बोंडाच्या कडेने एका रांगेत, एकसारखे, मोत्यांसारखे बारीक दाणे अनेक निरोगी पुरुषांना असतात. ते आजार नव्हेत, त्यांना औषधही नको. उलट सपाट, ओलसर, पांढुरके उंचवटे सिफिलिसचे असू शकतात आणि तिथे चामखिळीचे औषध लावणे म्हणजे खरा आजार तसाच सोडून देणे. म्हणून आधी डोळ्यांनी तपासणी, मग रक्ताची व्हीडीआरएल आणि एचआयव्ही चाचणी, हा क्रम असतो. या तरुणाच्या दोन्ही चाचण्या निर्दोष आल्या.

आधी जखम भरू दिली गेली. मग आसपासच्या कातडीला व्हॅसलीन लावून चामखिळींवर पोडोफायलिनचा हात फिरवला गेला, चार तासांनी धुवायला सांगितले आणि आठवड्याने पुन्हा बोलावले. चार खेपांत सगळे गळून गेले. काही रुग्णांत द्रव नायट्रोजनने गोठवून किंवा विजेच्या सुईने जाळून ते काढतात. पण उपचार दिसणारी चामखीळ काढतो, त्वचेतला विषाणू नाही. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत ती पुन्हा उगवणे ही नेहमीची गोष्ट आहे. या तरुणालाही दोन महिन्यांनी एक दाणा परत आला. उपचार फसला असे समजून तो भोंदू वैद्याकडे गेला नाही, कारण हे होऊ शकते असे त्याला आधीच सांगितलेले होते.

हे सगळे टाळता आले असते का? त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियात मिळते. तिथे २००७ मध्ये मुलींना चार प्रकारांवरची लस सरकारी खर्चाने देणे सुरू झाले. सहा आणि अकरा हे प्रकार तिच्यात होते. तिथल्या लैंगिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या एकवीस वर्षांखालच्या तरुणींपैकी २००७ मध्ये ११.५ टक्के जणींना चामखिळी होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. त्याच वयाच्या, स्त्रियांशी संबंध असलेल्या तरुणांतही ते १२.१ वरून २.२ टक्क्यांवर उतरले. त्या मुलग्यांना लस दिलेलीच नव्हती. मुलींमधला संसर्ग आटला म्हणून मुलगे वाचले.

मग मुलग्यांना लस कशाला, असे कुणी विचारेल. दोन कारणांसाठी. पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांमध्ये त्या काळात अशी घट झालीच नाही, कारण मुलींच्या लसीची सावली त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून मुलग्यांनाही लस सुरू केली. दुसरे कारण आपल्याकडचे. ही सावली पडते ती बहुतेक मुलींनी लस घेतल्यावर. आपल्याकडे अजून तशी स्थिती नाही, तेव्हा आजच्या मुलग्याला तिचा भरवसा देता येत नाही.

लस आपल्या दाराशीच तयार होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती सहा, अकरा, सोळा आणि अठरा या चारही प्रकारांवर आहे आणि नऊ ते सव्वीस वर्षे वयाच्या मुलींना तसेच मुलग्यांना देता येते. चौदा वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, त्यानंतर तीन. लशीत विषाणू नसतो, त्याच्या कवचाच्या प्रथिनाची नक्कल असते, त्यामुळे तिच्यापासून संसर्ग होऊ शकत नाही. हात दुखतो, कुणाला भोवळ येते, म्हणून पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. पालकांनी एवढे जरूर विचारावे की लशीत सहा आणि अकरा आहेत का. केवळ सोळा आणि अठरावरच्या लशी कर्करोगासाठी उपयोगी असल्या तरी चामखिळी रोखत नाहीत.

अडचण आहे ती ओळखीत. ही लस ‘गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस’ म्हणून माहीत आहे, त्यामुळे मुलाचा बाप ती आपल्यासाठी नाही असे धरून चालतो. सरकारचा पैसा आधी मुलींवर खर्च व्हावा हे योग्यच आहे. त्या कर्करोगाने जीव जातो, चामखिळीने जात नाही. पण ज्या घरात मुलीच्या लशीचा खर्च केला जातो, तिथे तिच्या भावाचाही विचार व्हावा. लग्नाचे वय होईपर्यंत थांबणे हीच चूक आहे, कारण लस संसर्ग होण्याआधी दिली तरच पुरते काम करते. झालेली चामखीळ ती घालवत नाही.

त्या तरुणाने तरीही लस घेतली, कारण न झालेल्या प्रकारांपासून ती अजून वाचवू शकत होती. लग्नाआधी त्याने होणाऱ्या बायकोला सगळे सांगितले आणि तिनेही लस सुरू केली. तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करायची, हेही तिला समजावले गेले. ज्यांना असे बोलायला कुणी नाही, त्यांच्यासाठी मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ आहे. तिथे नाव गुप्त राहते आणि उपचार मोफत होतात. औषधाच्या दुकानाकडे जाण्याआधी पाऊल तिकडे वळावे.