विश्लेषण : डॉक्टर नसलेल्यांची हॉस्पिटलमधली नोकरी नेमकी काय असते? डिस्चार्जच्या दिवशी कळते!

सकाळी दहाला डॉक्टर राउंडला येतात आणि ‘आज घरी जायला हरकत नाही’ म्हणतात. नातेवाईक पिशव्या भरून बसतात. दुपारी दोन वाजता उत्तर मिळते, ‘इन्शुरन्सकडून अप्रूव्हल यायचंय’. पाच वाजताही तेच उत्तर. सोशल मीडियावर अशा पोस्ट रोज दिसतात आणि खालच्या कमेंटमध्ये विमा कंपनीचा उद्धार झालेला असतो. पण या सात तासांचा हिशेब नीट मांडला, तर त्यातले निम्मे तास बऱ्याचदा हॉस्पिटलच्या आतच गेलेले निघतात.

हे तास ज्यांच्या हातात असतात ते डॉक्टर नसतात आणि नर्सही नसतात. ते बीकॉम, बीएस्सी, बीए झालेले किंवा हॉस्पिटल मॅनेजमेंटची पदवी घेतलेले लोक असतात. ‘मेडिकलला न जाता आरोग्य क्षेत्रात करिअर’ अशा जाहिराती सध्या सगळीकडे दिसतात. त्या करिअरची पहिली पायरी अनेकांसाठी हेच टीपीए डेस्क असते.

टीपीए डेस्कवर काम काय चालते?

टीपीए म्हणजे थर्ड पार्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अर्थात विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी मध्यस्थ कंपनी. काही विमा कंपन्या हे काम स्वतःच करतात. हॉस्पिटलमधले डेस्क मात्र हॉस्पिटलचे असते आणि तिथे बसणारा माणूस हॉस्पिटलचा पगारी.

रुग्ण दाखल झाला की पॉलिसीचे कार्ड आणि ओळखपत्र घेऊन प्री-ऑथ फॉर्म भरला जातो. त्याचा एक भाग रुग्णाचा, दुसरा डॉक्टरांचा. डॉक्टरांच्या भागात आजार काय, त्रास कधीपासून, उपचार कोणता आणि अंदाजे खर्च किती हे असते. तो पोर्टलवरून विमा कंपनीकडे जातो आणि सुरुवातीला काही रकमेची मंजुरी मिळते. खर्च वाढला तर वाढीव मंजुरी मागायची. घरी जाताना डिस्चार्ज समरी, अंतिम बिल आणि तपासण्यांचे रिपोर्ट पाठवून अंतिम मंजुरी घ्यायची.

ऐकायला हे क्लार्कचे काम वाटते. फरक पडतो तो फाइल वाचता येते की नाही, इथे.

9 हजारांच्या खोलीची किंमत 39 हजार

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रुग्णाकडे 5 लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याला रोज विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 5,000 रुपयांची मर्यादा आहे. घरच्यांनी 8,000 रुपयांची स्वतंत्र खोली घेतली. तीन दिवस राहिले. बिल झाले 1 लाख 40 हजार. त्यात खोली 24 हजार, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर मिळून 80 हजार, औषधे, साहित्य आणि तपासण्या 36 हजार.

घरच्यांचा हिशेब सोपा असतो. रोजचे 3,000 जास्त, तीन दिवसांचे 9,000, तेवढे आपण भरू. पण पॉलिसीत ‘प्रमाणशीर कपात’ असेल तर गणित बदलते. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली, म्हणून त्या खोलीच्या वर्गानुसार ठरणारे डॉक्टरांचे आणि थिएटरचे शुल्कही त्याच प्रमाणात कापले जाते. 8,000 पैकी 5,000 मान्य, म्हणजे पाच अष्टमांश. 80 हजारांपैकी 50 हजारच मंजूर होतात. औषधे, साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही. आयसीयूच्या शुल्कालाही नाही. समजा, 36 हजारांतल्या 3 हजारांच्या वस्तू पॉलिसीत बसत नाहीत. मग मंजूर होतात खोलीचे 15 हजार, शुल्काचे 50 हजार आणि औषधे-तपासण्यांचे 33 हजार, एकूण 98 हजार.

रुग्णाच्या खिशातून जातात 42 हजार. त्यातले 39 हजार केवळ खोलीच्या निवडीमुळे!

हे वाक्य दाखल होताना सांगितले तर घरचे लोक ट्विन शेअरिंग घेतात. डिस्चार्जला सांगितले तर काउंटरवर भांडण होते. आणखी एक मुद्दा असा की, जे हॉस्पिटल खोलीनुसार डॉक्टरांचे शुल्क बदलत नाही, तिथे ही कपात लागू करता येत नाही. ते विमा कंपनीला हॉस्पिटलच्या दरपत्रकासह दाखवून देणे हे डेस्कवरच्या माणसाचे काम. त्याला नियम माहीत नसेल तर रुग्णाचे 30 हजार विनाकारण जातात आणि कोणालाच कळत नाही.

तीन तासांचे घड्याळ कधी सुरू होते?

आता वेळेकडे. विमा नियामक आयआरडीएआयने मे 2024 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. उशिरामुळे हॉस्पिटलने जादा रक्कम आकारली तर ती विमा कंपनीने सोसायची.

हा नियम खूप शेअर झाला, पण त्यातला ‘विनंती मिळाल्यापासून’ हा भाग सहसा सुटतो. डॉक्टरांनी सकाळी दहाला ‘घरी जा’ म्हटले, तेव्हा हे घड्याळ सुरू होत नाही. आधी समरी टाइप व्हायची, डॉक्टरांनी ती तपासून सही करायची, उरलेली औषधे वॉर्डातून फार्मसीत परत जायची, राहिलेल्या तपासण्या बिलात चढायच्या. मग बिल बंद होते आणि मग कागद पोर्टलवर चढतात. हे दुपारी दीडला झाले तर विमा कंपनीकडे साडेचारपर्यंत वेळ आहे आणि ती नियमातच आहे.

त्यात एक क्वेरी आली की संध्याकाळ गेली. सगळ्यात नेहमीची क्वेरी जुन्या आजाराची असते. प्री-ऑथ फॉर्मवर लिहिलेले असते ‘रक्तदाब 5 महिन्यांपासून’ आणि डिस्चार्ज समरीत ‘5 वर्षांपासून’. पॉलिसी दोन वर्षांची असेल तर हा फरक दावा फेटाळायला पुरेसा ठरू शकतो, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी ठेवायची कंपन्यांना मुभा आहे.

इथे नवख्या कर्मचाऱ्याची खरी परीक्षा होते. नातेवाईक विनवणी करतात, ‘तेवढं वर्षाचं महिने करून द्या ना’. वरिष्ठही कधी कधी डोळ्यांनी सुचवतात. पण केस पेपरमधली नोंद हा वैद्यकीय दस्तऐवज आहे. डेस्कवरच्या माणसाने फक्त डॉक्टरांना विचारायचे की दोन्हींपैकी बरोबर कोणते आणि त्यांच्या सहीचे स्पष्टीकरण पाठवायचे. नोंद चुकून झाली असेल तर दुरुस्ती डॉक्टरच करतील, जुनी नोंद दिसेल अशी एक रेघ मारून, तारीख आणि सहीसह. खाडाखोड केलेली फाइल सापडली तर तो दावा जातोच, पुढच्या रुग्णांच्या फाइलकडेही संशयाने पाहिले जाते आणि हॉस्पिटल कॅशलेस यादीतून बाहेर पडू शकते.

मग मॅनेजमेंट कुठे येते?

डिस्चार्जला उशीर होतो म्हणून डेस्कवर आणखी दोन माणसे बसवणे हा सोपा, पण बहुतेक वेळा वाया जाणारा उपाय. चांगला व्यवस्थापक आधी पाच वेळा लिहून काढतो. डॉक्टरांनी सांगितले कधी, समरीवर सही कधी, बिल बंद कधी, विनंती पाठवली कधी आणि मंजुरी आली कधी. दोन आठवड्यांच्या डिस्चार्जची अशी नोंद ठेवली की गाठ कुठे आहे ते दिसते. समरीवरच तीन तास जात असतील तर सही करणारे डॉक्टर त्या वेळी ओपीडीत अडकलेले असतात. मग समरीचा मसुदा आदल्या संध्याकाळीच तयार ठेवायचा, उद्या घरी जाणाऱ्यांची यादी वॉर्डातून रात्रीच घ्यायची, औषधांचा परतावा रात्रपाळीत उरकायचा. हॉस्पिटलांना मानांकन देणारी एनएबीएच ही संस्थाही डिस्चार्जला लागणारा वेळ मोजायला सांगते.

अडचण एवढीच की यात सर्जनला ‘सर, सही राहिलीय’ असे तिसऱ्यांदा सांगावे लागते आणि सांगणारा बहुधा पंचविशीतला असतो.

पदवी कोणती आणि मर्यादा काय?

मुंबईच्या टिसमध्ये हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची दोन वर्षांची मास्टर्स पदवी आहे, तर पुण्यात सिम्बायोसिसचा हॉस्पिटल आणि हेल्थकेअर मॅनेजमेंटचा एमबीए. अशा अभ्यासक्रमांना डॉक्टर नसलेले पदवीधरही जाऊ शकतात. पण ‘एमडी इन हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ नावाचीही एक पदवी आहे आणि तिला एमबीबीएस लागते. नावे सारखी असल्याने गोंधळ होतो.

हा फरक पुढे नोकरीतही दिसतो. मेडिकल सुपरिंटेंडंट किंवा मेडिकल डायरेक्टर या खुर्च्या डॉक्टरांच्या असतात. डॉक्टर नसलेल्याची वाट बिलिंग, ऑपरेशन्स, क्वालिटी, खरेदी अशी वर जाते आणि मोठ्या खासगी साखळ्यांमध्ये ऑपरेशन्स प्रमुखापर्यंत पोहोचू शकते. लहान नर्सिंग होममध्ये मात्र मालकच डॉक्टर आणि मॅनेजर दोन्ही असतो. तिथे पदवीधराला ‘अ‍ॅडमिन’ म्हणतात आणि त्याच्याकडून लिफ्टवाल्यालाही फोन करून घेतात.

सरकारी योजनांच्या बाजूला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र आहेत. पूर्वी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती असलेली ही योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देते. म्हणजे त्या काउंटरवरची गर्दीही वाढणार. काम तसेच, कागद तपासायचे आणि मंजुरी घ्यायची. फक्त ही नेमणूक सरकारी नोकरी नसते, ती योजना राबवणाऱ्या कंपनीमार्फत होते. ‘शासकीय योजनेत भरती’ असा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे पाहून घ्यावे.

लाखोंची फी भरण्यापूर्वी कॉलेजला विचारण्यासारखा प्रश्न प्लेसमेंटचा नाही, इंटर्नशिपचा आहे. मुले कोणत्या हॉस्पिटलमध्ये जातात, बिलिंग आणि मेडिकल रेकॉर्ड विभागात प्रत्यक्ष फाइल हाताळायला मिळते का, की स्वागतकक्षात उभे करतात? त्या बॅचच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला गाठून प्रमाणशीर कपात कशाकशाला लागत नाही, एवढे विचारले तरी दोन वर्षांत तिथे काय शिकवले याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. आणि नोकरीच्या मुलाखतीत उमेदवारानेही एक प्रश्न विचारावा, ‘डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिल्यापासून गेटपासपर्यंत तुमच्याकडे सरासरी किती वेळ लागतो?’ काही ठिकाणी लगेच आकडा मिळतो. काही ठिकाणी ‘इन्शुरन्सवाल्यांवर अवलंबून आहे’ असे उत्तर मिळते, म्हणजे तिथे अजून कोणी मोजलेलेच नसते.