शौचाला किती वाजता बसता?

केसपेपरवर एक शेरा आपण फार सहज लिहितो : ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’ कोकणातल्या एका ३४ वर्षांच्या बागायतदाराच्या कागदांवर तो मी तीनदा वाचला. आंबा काढताना झाडावरून पडला, डी-१० पातळीला मज्जारज्जूची पूर्ण इजा. हात शाबूत, कमरेखाली संवेदना नाही. घरी आल्यावर खोलीत व्यायाम करायचा, पण व्हीलचेअरवरून पडवीत यायचं म्हटलं की भिंतीकडे तोंड. धक्क्यातून सावरला नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

खरं कारण त्याच्या आईने चहा देता देता सांगितलं. एकदा शेजारी बसलेले असताना त्याला नकळत शौचाला झालं होतं. तेव्हापासून तो एकदाच जेवायचा, पाणीही बेतानं प्यायचा. त्यामुळे मळ घट्ट होऊन अडकला आणि त्याच्या कडेने पातळ झिरपू लागलं. घरच्यांना ते जुलाब वाटले, म्हणून जुलाब थांबवायच्या गोळ्या सुरू झाल्या.

आधी अडकलेला मळ मोकळा केला, जेवणपाणी पूर्ववत केलं. मग सकाळ ठरवली. नाश्त्यानंतर आतडं आपसूक हलतं, म्हणून नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासाने सपोझिटरी. पंधरा मिनिटांनी कमोड-खुर्चीवर बसून, हातमोजा घालून वंगण लावलेलं बोट गुदद्वारात हलकेच गोल फिरवायचं. वेळ रोज तीच. घडी बसायला महिना लागला. मधे दोनदा फसलं, तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलली. (इजा डी-६ किंवा त्याच्या वर असेल तर हे करताना डोकेदुखी, घाम, रक्तदाब वाढणं यांवर नजर हवी. मज्जारज्जूच्या टोकाला इजा असेल तर प्रतिक्षिप्त क्रियाच उरत नाही. तिथे ही पद्धत चालत नाही.)

सुरुवातीला हे बायको करायची. हात शाबूत असलेल्या माणसाला ते आपण पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं होतं. त्याचं तो करू लागल्यावर दोघांत पुन्हा भांडणं सुरू झाली. आधी ती त्याला उलट बोलतही नव्हती. मला ती प्रगती वाटली.

दुःख संपलं नाही. एप्रिलमध्ये झेले बाहेर निघाले तेव्हा तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी पडवीत बसून पेट्या मोजल्या. हा शोक आहे, त्याला गोळी नको. नैराश्य ओळखायचं तर झोप, भूक आणि थकव्याच्या गुणांवर विसंबू नका; रात्री कूस बदलायला आणि कॅथेटरसाठी उठणाऱ्याची झोप मोडणारच. कशात रस उरला आहे का, पुढचं काही दिसतं का, हे विचारा. जगण्यात अर्थ नाही असं कुणी म्हणालं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

पुढच्या गृहभेटीत ‘मन कसं आहे?’ याच्या आधी ‘शौचाला किती वाजता बसता, आणि कोण मदत करतं?’ एवढं विचारा. उत्तर केसपेपरवर लिहा.