पुरानंतरचे घर हिवाळ्यातच उभे राहते

जुलै २०२२ च्या पुरात हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांतील अनेक घरांत पाणी शिरले. अशा वेळी शाळेत तात्पुरती सोय होते, मग पत्र्याचे शेड. पत्रा लवकर उभा राहतो, पण वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि 'तात्पुरते' शेड तोवर रिकामे झालेले नसते. त्यामुळे आपला आग्रह असा, की निवाऱ्याचा सांगाडा पहिल्या दिवसापासून पक्क्या घराचाच असावा. त्यासाठी मानवेल बांबू आपल्याकडे आहे. जिल्ह्यात हा विचार नवा नाही. सेवाग्रामच्या कुट्या १९३६ पासून बांबू-मातीत उभ्या आहेत, आणि दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने स्थानिक साहित्याच्या घरबांधणीवर दीर्घकाळ काम केले आहे.

बांबू किडतो, हा आक्षेप खरा आहे, पण तो प्रक्रिया न केलेल्या बांबूला लागू पडतो. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत साखर-पिष्ट जास्त असल्याने भुंगा लवकर लागतो आणि पिठासारखी भुकटी गळू लागते. म्हणून तीन वर्षांवरचा बांबू हिवाळ्यात तोडावा आणि ताजा असतानाच बुडाकडून दाबाने बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे द्रावण चढवावे. शेंड्यातून ठिबकणारा रस आत सोडलेल्या द्रावणाइतका घट्ट झाला, की काम झाले. खात्रीसाठी कापलेल्या तोंडावर हळदीचा अल्कोहोलमधला अर्क व सौम्य आम्ल लावावे. बोरॉन असेल तर ते लाल होते. मात्र हे क्षार पावसाने धुऊन जातात. त्यामुळे वळचण रुंद हवी आणि खांब मातीत न पुरता काँक्रीटच्या बुंध्यावर बसवायला हवा.

दुसरा आक्षेप वेगाचा. पूर आल्यावर बांबू शोधायला निघालो, तर पत्राच जिंकणार. पण सांधे आधीच भोकांसकट कापून, क्रमांक घालून तालुक्याच्या गोदामात ठेवले, तर जागेवर उरते ती फक्त जोडणी. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी साडेतीन चौरस मीटरचा किमान निकष लावला, तर बारा बाय सोळा फुटांची खोली लागते. काळी माती फुगते आणि भेगाळते, म्हणून बुंध्याखाली ती उकरून मुरूम ठोकावा. सांगाडा हलका असल्याने वारा तो उचलू शकतो, तेव्हा प्रत्येक खांब बोल्टने बुंध्याला जखडणे सक्तीचे हवे. छपराला आरंभी पत्रा चालेल, पण त्याखाली तट्टा लावावा. भिंतींनाही आधी तट्टेच असावेत, मातीचा गिलावा पाऊस ओसरल्यावर करावा. मात्र आतून कडी लागणारे दार, मधला आडोसा आणि न्हाणी ही पहिल्याच दिवसाची कामे आहेत.

मर्यादाही आहे. पूररेषेच्या आत हे घर बांधू नये. तिथे मातीची भिंत विरघळेल. जागा आधी ठरली नसेल, तर सांगाडा पुन्हा हलवावा लागेल. म्हणून उंचावरची जागा आणि गोदामातला बांबू, दोन्ही येत्या उन्हाळ्याआधी ठरले पाहिजेत.