गृहकृत्य : खिशातील शाई आणि पुढावरचे तेल

शाईचे डाग निघत नाहीत अशी तक्रार घेऊन येणाऱ्या भगिनींना आम्ही प्रथम एकच प्रश्न विचारतो : कपडा पाण्यात घातला का? बहुतेकींचे उत्तर ‘हो’ असे असते, आणि तेथेच अर्धे काम बिघडलेले असते.

गेल्या वैशाखात आमच्या इंदूरच्या घरी असाच एक सदरा आला. शेजारच्या वहिनींच्या मुलाचा, पांढरा, सुती. उन्हाने बॉलपेनची रिफिल गळून खिशाच्या तळाशी रुपयाएवढा निळा डाग पडला होता आणि पुढावर सराफ्यातील कचोरीच्या तेलाचे दोन ठिपके होते. वहिनी सदरा सोड्याच्या गरम पाण्यात बुडविण्याच्या बेतात होत्या. आम्ही म्हटले, “वहिनी, पाणी राहू द्या. सदरा कोरडाच इकडे द्या.”

बॉलपेनची शाई दौतीतल्या शाईसारखी पाण्याची नसते. चिकट, तेलकट द्रवात रंग आणि राळेसारखे पदार्थ कालवून ती केलेली असते. पाणी तिला विरघळवीत नाही, उलट कापड ओले झाले की नंतर लावलेले स्पिरिटही पातळ होऊन निकामी ठरते. गरम पाण्याने आणि चोळण्याने शाई पसरून धाग्यात खोल शिरते. दुधाचा उपाय पुष्कळ घरी सांगतात. आमच्या अनुभवात त्याने दुधाचा एक डाग वाढतो इतकेच.

शाई विरघळते ती स्पिरिटात. औषधांच्या दुकानात मिळणारे बिनरंगी सर्जिकल स्पिरिट घ्यावे. २०२० पासून घरोघरी आलेले हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझरही चालते. त्यातही मद्यार्कच असतो. चूल किंवा गॅस पेटलेल्या खोलीत मात्र हे काम मुळीच करू नये, आणि खिडकी उघडी असावी.

खिशाला कापडाचे दोन थर असतात हे ध्यानात ठेवावे. एका बाजूने स्पिरिट ओतले तर शाई दुसऱ्या थरावर उतरते. म्हणून जुन्या पांढऱ्या धोतराची चौपदरी घडी आम्ही खिशाच्या आत सरकविली. मग कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवून डागाच्या कडेकडून मध्याकडे नुसते दाबत गेलो, आधी खिशाच्या बाहेरून, नंतर सदरा उलटा करून मागून. शाई दोन्हीकडून आतल्या घडीत उतरत होती. घडी निळी झाली की तिची कोरी बाजू पुढे करावयाची आणि बोळाही नवा घ्यावयाचा. येथे आळस केला तर काढलेली शाईच परत कापडाला लागते. आम्हांला सात-आठदा घडी बदलावी लागली, अर्धा तास गेला आणि दोन-तीन मोठे चमचे स्पिरिट लागले. घडीवर रंग उमटेनासा झाला, तेव्हाच थांबलो. शिवणीत फिकट जांभळी रेघ उरली होती. तिच्यावर भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा थेंब बोटाने मुरवून थंड पाण्याने तेवढाच भाग धुतला, तेव्हा तीही गेली.

रंगीत सुती कपड्यावर हा प्रयोग करण्याआधी आतल्या शिवणीवर स्पिरिटाचा थेंब टाकून पाहावा. बोळ्याला कपड्याचा रंग लागला तर पुढे जाऊ नये. जेल पेनच्या शाईवर मात्र हा उपाय पुष्कळदा फसतो, कारण तिच्यातील रंगाचे बारीक कण विरघळत नाहीत.

तेलाचे काम सोपे, पण फसवे. कोरड्या ठिपक्यांवर टाल्कम पावडर जाड थापून ती पंधरा-वीस मिनिटे ठेवली आणि झटकली. उरलेल्या तेलावर द्रव साबण पाणी न लावता बोटाने मुरविला, दहा मिनिटे थांबलो आणि मग कोमट पाण्याने धुतले. साबण तेलाला धरून पाण्याबरोबर वाहून नेतो; पाणी आधी लागले तर तो वरच्यावरच फेसाळतो. फसवे अशासाठी, की ओल्या कपड्यावर तेलाचा डाग दिसतच नाही. म्हणून सदरा सावलीत वाळवून, खिडकीशी तिरपा धरून पाहिला. एक ठिपका किंचित काळसर दिसला, तेव्हा साबण पुन्हा लावला. ही पाहणी न करता इस्त्री फिरविली तर उष्णतेने तेल धाग्यातच आटून पिवळे पडते. करडी, सोयाबीन यांसारखी तेले तर नुसत्या दिवस उलटण्यानेही घट्ट होतात. असा जुना पिवळा डाग पूर्ण जाईल, असे आम्ही कोणाला सांगत नाही.

सदरा त्यानंतरच इतर कपड्यांबरोबर धुण्यास गेला. वहिनींनी मात्र रिफिल बदलण्याऐवजी पेनच घराबाहेर टाकले.