विझलेल्या अणुभट्टीचा ताप

पारस आणि नांदगावपेठ ही औष्णिक केंद्रे वऱ्हाडाच्या परिचयाची आहेत. तेथे कोळसा घालणे थांबविले की अग्नी विझतो आणि बाष्पक हळूहळू निवतो. अणुभट्टीही अशीच विझते, अशी बहुतेकांची समजूत असते. ती चुकीची आहे, आणि जैतापूरसारख्या प्रकल्पावरील वादात दोन्ही बाजूंना या एका गोष्टीचे भान क्वचितच राहते.

तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टी घ्या. त्यांत नैसर्गिक युरेनियम जळते. त्यातील विभंजनक्षम अंश शेकड्याला एकाहूनही कमी असतो. एका अणूच्या विभंजनातून सुटलेले न्यूट्रॉन इतके वेगवान असतात की ते दुसऱ्या अणूला क्वचितच फोडतात. त्यांचा वेग घटविणारा पदार्थ म्हणजे मंदायक. साधे पाणी वेग घटविते खरे, परंतु काही न्यूट्रॉन स्वतःच गिळून टाकते. जड पाणी फारच थोडे गिळते, म्हणून येथे ते वापरतात. मोठ्या टाकीत ते तुलनेने थंड ठेवलेले असते. टाकीतून आरपार गेलेल्या नळ्यांत इंधन असते, आणि त्याच नळ्यांतून दाबाखालील दुसरे जड पाणी उष्णता वाहून नेते. ते शीतक होय. मंदायक आणि शीतक असे वेगळे असल्याने एक अडचण उद्भवते. नळीतील शीतक उकळून गेले, तरी मंदायक जागेवरच राहतो आणि शृंखला-विक्रिया मंदावण्याऐवजी किंचित वाढते. म्हणूनच या भट्ट्यांना झटपट थांबविण्याच्या दोन स्वतंत्र यंत्रणा दिलेल्या आहेत. एकीत कॅडमियमचे दांडे गुरुत्वाकर्षणाने खाली पडतात, दुसरीत न्यूट्रॉन शोषणारे गॅडोलिनियमचे द्रावण मंदायकात सोडले जाते. तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांत साधे पाणीच मंदायक आणि शीतक असल्याने पाणी गेले की विक्रियाही मंदावते.

दांडे पडले, विक्रिया थांबली, येथपर्यंतचा भाग सेकंदांचा आहे. खरा प्रश्न पुढेच आहे. विभंजनातून निर्माण झालेली अस्थिर द्रव्ये किरणोत्सार करीतच राहतात आणि त्यांची उष्णता कोणत्याही दांड्याने थांबत नाही. २२० मेगावॅट वीज देणारी जड पाण्याची भट्टी पूर्ण क्षमतेने सुमारे ७५० मेगावॅट उष्णता निर्माण करते. ती थांबवताच सुमारे ४५ मेगावॅट उष्णता उरते, तासाभराने दहाच्या आसपास, दिवसाने चारच्या आसपास. चार मेगावॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण ती उष्णता बाहेर नेली नाही तर इंधन वितळू लागते.

या जातीच्या भट्टीने हे प्रत्यक्ष दाखविले ते उत्तर प्रदेशातील नरोरा येथे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे पहिल्या भट्टीच्या टर्बाइनची पाती तुटली. कंपनाने जनित्रातला हायड्रोजन बाहेर पडून पेटला, वंगणाच्या तेलाने आग वाढविली. चालकांनी भट्टी तत्काळ थांबविली. परंतु आगीने विजेच्या तारा जाळल्या. आपत्कालासाठी ठेवलेल्या विजेच्या ताराही मुख्य तारांजवळून, त्याच मार्गाने नेलेल्या होत्या! सुमारे १७ तास केंद्र पूर्णतः विजेवाचून होते. पंप बंद, नियंत्रण कक्षात धूर, मापकेही निकामी.

तरीही इंधन वाचले. बाष्पजनित्रे भट्टीपेक्षा उंचावर असल्याने तापलेले शीतक आपोआप वर चढत होते आणि निवलेले खाली येत होते, पंपावाचून. मात्र बाष्पजनित्रांतील पाणी उकळून संपू लागले. तेव्हा आग विझविण्यासाठीचे डिझेलवर चालणारे पंप सुरू करून त्यांत पाणी भरले गेले. काही कर्मचारी बॅटरीच्या दिव्यांच्या उजेडात भट्टीच्या वरच्या भागात चढले आणि हाताने झडपा उघडून त्यांनी बोरॉनचे द्रावण मंदायकात सोडले. दांडे पडलेले असताना हे कशाला, असे कोणी विचारील. थांबलेल्या भट्टीत न्यूट्रॉन शोषणारा झेनॉन काही तास साचतो आणि पुढे नाहीसा होतो. तो गेल्यावर विक्रिया पुन्हा जागी होण्याची शक्यता राहू नये, म्हणून ही तजवीज. बाहेर किरणोत्सार पसरला नाही.

फुकुशिमात २०११ मध्ये नेमके हेच उलट घडले. भूकंप होताच दांडे आत गेले, भट्ट्या थांबल्या. पण बहुतेक आपत्कालीन जनित्रे तळघरांत होती, त्सुनामीचे पाणी तेथे शिरले आणि शीतनासाठी लागणारी वीज उरली नाही. तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. दांड्यांच्या कामगिरीत कोठेही दोष नव्हता.

एखाद्या प्रकल्पाची सुनावणी होते तेव्हा भट्टी किती सेकंदांत थांबते याचे उत्तर अधिकारी उत्साहाने देतात. नागरिकांनी मात्र विचारावे ते हे की, वीज पूर्ण गेल्यावर पाणी किती तास पोहोचेल, ते कोणत्या पंपाने येईल, आणि पंपाची तार कोणाच्या शेजारून गेली आहे.