मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेताय? फार्मासिस्टने बी-१२ तपासायला सांगितले तर टाळू नका

मधुमेहाची गोळी नेहमीच्या दुकानातून घेताना फार्मासिस्टने विचारले, "बी-१२ कधी तपासलंय का?" तर ही तपासणी विकण्याची युक्ती आहे, असे लगेच समजू नका. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने, एमएचआरएने, जून २०२२ मध्ये मेटफॉर्मिनमुळे बी-१२ कमी होणे हा 'सामान्य' दुष्परिणाम मानला. याचा अर्थ, तो दहापैकी एका रुग्णापर्यंत आढळू शकतो. मात्रा जास्त आणि काळ मोठा असेल, तर शक्यता वाढते.

असे का होते?

अन्नातले बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. मेटफॉर्मिन तिथेच अडथळा आणते. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता दिसायला बहुधा काही वर्षे लागतात. शाकाहारी व्यक्तीला बी-१२ मुख्यतः दुधातूनच मिळते, म्हणून मुळात साठा कमी असतो. त्यात ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल, तर धोका आणखी वाढतो.

एक उदाहरण पाहू

समजा, साठीच्या एक शाकाहारी काकू आठ वर्षे रोज २००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन घेत आहेत, सोबत ॲसिडिटीची गोळीही. वर्षभर तळपायांना मुंग्या येतात. घरचे म्हणतात, "शुगरमुळे होणारच." दोन्ही गोळ्या दर महिन्याला एकाच दुकानातून जातात. म्हणून फार्मासिस्टला हा मेळ दिसतो, आणि काकू मुंग्यांची गोळी मागतात तेव्हा तो आधी डॉक्टरांना विचारायला सांगतो.

हा सल्ला योग्यच आहे. मधुमेहाने आणि बी-१२ च्या कमतरतेने होणारा नसांचा त्रास रुग्णाला सारखाच जाणवतो. फरक हा, की दुसरा वेळेत उपचार केल्यास सुधारू शकतो. उशीर झाला तर काही नुकसान कायमचे राहते. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. रक्त कमी न होताही नसांना इजा होऊ शकते.

तपासणी करताना

रक्तातील बी-१२ साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल, तर कमतरता धरतात. २०० ते ३०० या सीमारेषेवर लक्षणे असतील, तर डॉक्टर आणखी एक चाचणी सुचवू शकतात. तपासणीपूर्वी स्वतःहून बी-१२ च्या गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू करू नका. त्याने आकडा वाढतो आणि खरी कमतरता झाकली जाते. नुसते फॉलिक ॲसिडही घेऊ नका. ते रक्त सुधारते, पण नसांची हानी चालूच राहते.

मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नका. बी-१२ भरून काढता येते आणि बहुतेकांची गोळी चालूच राहते. मुंग्या, बधिरता, तोल जाणे, जीभ लाल होऊन दुखणे किंवा विसराळूपणा यांपैकी काही असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.