आण्णांचं कुलूप

परवा गणपती येणार होते आणि आण्णांच्या दुकानाचं कुलूप काही उघडत नव्हतं!

आजारपणामुळं आण्णा आषाढ-श्रावण मुलीकडं राहिले होते. इकडं बिद्रीत पाऊस कोसळत होता. शटरचं कुलूप जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. रस्त्यावरचं चिखलपाणी रोज त्याच्यावर उडत राहिलं. आणि आत, दुकानात, मंडळाच्या दिव्यांच्या माळा ठेवलेल्या!

"आण्णा, हातोडी आणू काय? एका घावात तोडतो," नातू म्हणाला.

"थांब रं बाळ्या. घाव चुकला तर कोयंडा वाकंल. मग शटर वर जायचं न्हाई, खाली यायचं न्हाई."

आण्णांनी चावी घातली. ती अर्धीच आत गेली. त्यांनी जोर केला नाही. चावी एकच होती, आणि ती आत मोडली तर कुलूप कापण्याशिवाय इलाजच नव्हता.

नातू घरातून खोबरेल घेऊन आला. "हे नको. थंडीत थिजतंय आन् धूळ धरतंय. शेजारच्या टेलरकडनं मशीनचं तेल आण. पातळ असतंय."

आण्णांनी कुलूप उलटं धरलं, चावीचं भोक वर आलं. त्यात चार थेंब सोडले, कडी जिथं आत शिरते तिथं दोन.

"आता फिरवू?"

"आता घरी जायचं. लोखंड गंजलं की गंज फुगतोय. आतल्या पट्ट्यांना हलायला केसभर जागा, ती त्यानं खाल्ली. समईच्या वातीत तेल चढतंय न्हवं? तसंच हे फटीत शिरतंय. पर त्याला वेळ लागतोय."

कुलूप तसंच उलटं राहावं म्हणून त्यांनी ते सुतळीनं बांधलं.

सकाळी पुन्हा चार थेंब. मग लाटण्यानं कुलपाला हलकेच टकटक, म्हणजे गंज सुटावा. चावी आता पूर्ण आत गेली, पण फिरेना. आण्णांनी ती चिमटीत धरली. थोडी उजवीकडं, थोडी डावीकडं. बाहेर काढली, तर तपकिरी तेलानं माखलेली! पुसली, पुन्हा तेल, पुन्हा तेच. नातू जांभया देऊ लागला. मंडळाची पोरं दोनदा डोकावून गेली.

पाचव्या-सहाव्या वेळी चावीवर नुसतं स्वच्छ तेल आलं.

"आता बघ."

खट्! पण कडी आतच अडकलेली. पुन्हा दोन थेंब, पुन्हा टकटक, आणि कडी करकरत वर आली.

शटर खडखडत उघडलं. पोरं ओरडत माळांकडं धावली.

आण्णा मात्र पायरीवरच बसले होते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा कापून ते त्याला भोक पाडत होते.

"हे काय, आण्णा?"

"कुलपाचा रेनकोट," आण्णा म्हणाले आणि तो तुकडा त्यांनी कडीत अडकवला.